सर्व्हे फॉर्ममधली माहिती ठरल्या मुदतीत खरोखर पुसायची कशी

रावेर-यावल पट्ट्यात जूनच्या तोंडावर वादळी वारा सुटला की घड लागलेली केळी एका रात्रीत आडवी होते. अशाच एका पडझडीनंतर आमच्या शेतकरी गटाने गूगल फॉर्म काढला होता. नाव, गाव, मोबाइल नंबर, गट नंबर, लावण मृगबागेची की कांदेबागेची, खोडं किती पडली, आणि शेवटी दोन फोटो: एक बागेचा, एक सातबाऱ्याचा. फॉर्मच्या माथ्यावर आम्ही लिहिलं होतं, "ही माहिती फक्त नुकसानीचा आढावा घेण्यासाठी आहे. सर्व्हे बंद झाल्यापासून 90 दिवसांत ती काढून टाकली जाईल."

पाराजवळ फॉर्म भरून घेत असताना एका आप्पांनी सातबाऱ्याची घडी उलगडता उलगडता विचारलं, "भाऊ, हा माझा कागद तुमच्या मोबाइलमध्ये किती दिवस राहील?"

"नव्वद दिवस, आप्पा."

"आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी कोणी पाहिला, तर दिसणार नाही ना?"

हा प्रश्न मी अजून धरून आहे, कारण त्याच्या आधीच्या एका पाहणीत माझ्या हातून चूक झाली होती. मुदत संपल्यावर मी उत्तरांची शीट ड्राइव्हमधून काढून टाकली आणि काम झालं असं समजून बसलो. दोन महिन्यांनी गटातल्या एका मुलाने तोच फॉर्म उघडून शीटचं बटण दाबलं. नवी शीट तयार झाली आणि तिच्यात सगळ्यांची नावं, नंबर, गट क्रमांक जसेच्या तसे परत आले. काहीही बिघडलं नव्हतं. उत्तरं मुळात फॉर्मच्या पोटात असतात आणि शीट ही त्यांची प्रत असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढचं सगळं त्या केळीच्या सर्व्हेचं काम समोर ठेवून सांगतो. आमच्याकडे 214 उत्तरं होती. तुमच्याकडे 40 असतील किंवा 2000, पद्धत हीच राहील.

माहिती किती ठिकाणी आहे ते आधी मोजा

पुसायला बसण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि माहिती कुठे कुठे पोचली ते लिहून काढा. या कामात खरी डोकेफोड इथेच आहे. बटणं दाबायला अर्धा तास पुरतो.

पहिली जागा म्हणजे फॉर्म. दुसरी, त्याला जोडलेली शीट. फॉर्ममधली उत्तरं पुसली तरी शीटमधल्या ओळी जात नाहीत आणि शीटमधल्या ओळी पुसल्या तरी फॉर्ममधली उत्तरं हलत नाहीत. दोन्हीकडे वेगवेगळं पुसावं लागतं.

तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फॉर्ममध्ये फोटो किंवा फाइल मागितली असेल, तर त्या फाइली फॉर्म ज्याच्या खात्यात आहे त्याच्या ड्राइव्हमध्ये एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात. फोल्डरला फॉर्मचंच नाव असतं आणि त्यापुढे `(File responses)` लिहिलेलं असतं. आत प्रत्येक प्रश्नाचं वेगळं फोल्डर असतं. शीटमध्ये फक्त त्या फाइलींच्या लिंक दिसतात. म्हणजे फॉर्म रिकामा केला, शीटही काढली, तरी 214 सातबारे त्या फोल्डरमध्ये निवांत पडून राहतात. आमच्या सर्व्हेत सगळ्यात नाजूक गोष्ट तीच होती. सातबाऱ्यावर नुसतं क्षेत्र नसतं. सहहिस्सेदारांची नावं असतात, इतर हक्कात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असतो. कोणावर किती कर्ज आहे हे गावात फिरू नये, एवढी काळजी तर घ्यायलाच हवी.

चौथ्या जागेत उरलेल्या सगळ्या प्रती येतात. कोणी एक्सेल फाइल उतरवून घेतली, कोणी मेलने पाठवली, कोणी छापली. आमच्याकडे यात व्हॉट्सअ‍ॅपची भर होती. फाइल मागणारा फॉर्म भरायचा तर गूगल खात्यात साइन इन करावं लागतं. पुष्कळ शेतकऱ्यांना ते जमत नव्हतं, म्हणून त्यांनी सातबाऱ्याचा फोटो गटातल्या मुलांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि मुलांनी आपल्या खात्यातून फॉर्म भरला. पाच मुलं होती. म्हणजे पाच मोबाइलच्या गॅलरीत तेच फोटो.

याच कागदावर प्रत्येक फाइलचा मालक कोण तेही लिहा. ड्राइव्हमध्ये फाइलवर राइट क्लिक करून `File information` मध्ये `Details` उघडलं की `Owner` दिसतो. फॉर्मला एडिटर म्हणून जोडलेला कोणीही उत्तरं पुसू शकतो. पण शीट आणि फोटो कायमचे पुसण्याचा अधिकार मालकालाच असतो. तुम्ही मालक नसताना एखादी फाइल काढलीत, तर ती फक्त तुमच्या नजरेआड होते. आमचा फॉर्म ज्या पोराने बनवला तो ऑगस्टमध्ये शिकायला पुण्याला गेला होता. फोल्डर आणि शीट त्याच्याच खात्यात होती. अशा वेळी मालकी बदलण्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन त्याच्याच हातून पुसून घेणं सोपं पडतं. मात्र तारीख त्याला आधी सांगून ठेवावी लागते.

मुदतीचा हिशोब

"90 दिवस" असं नुसतं लिहिलं की ते कधीपासून मोजायचे यावर वाद होतो. आम्ही "सर्व्हे बंद झाल्यापासून" असं लिहिलं होतं, त्यामुळे गोष्ट सोपी झाली. फॉर्म 30 जूनला बंद केला. जुलैचे 31, ऑगस्टचे 31 आणि सप्टेंबरचे 28, असे 90 दिवस 28 सप्टेंबरला भरतात.

आता ड्राइव्हची कचराकुंडी या हिशोबात धरायला हवी. ड्राइव्हमधून काढलेली फाइल `Trash` मध्ये जाते, तिथे 30 दिवस राहते आणि मग आपोआप पुसली जाते. तेवढ्या दिवसांत मालक ती केव्हाही परत आणू शकतो. एवढंच नाही, ज्यांच्याशी ती शेअर केलेली आहे त्यांना ती कुंडीत असतानाही उघडता येते. त्यामुळे 28 सप्टेंबरला फाइल कुंडीत टाकली म्हणजे वचन पाळलं, असं होत नाही. कुंडीवर विसंबायचं असेल तर 29 ऑगस्टलाच फाइल टाकायला हवी, म्हणजे 30 दिवसांनी ती 28 सप्टेंबरला जाईल. नाहीतर शेवटच्या दिवशी टाकून कुंडी स्वतःच्या हाताने रिकामी करायची. मी दुसरा मार्ग घेतो, पण शेवटचा दिवस गाठत नाही. एक आठवडा आधी, 21 सप्टेंबर ही तारीख धरली होती. त्या दिवशी वीज गेली, नेट बंद पडलं, पुण्याचा पोरगा परीक्षेत अडकला, तरी हातात सात दिवस उरतात.

पुसण्याआधी नंबर वापरा

ही गोष्ट मला उशिरा सुचली, म्हणून आधीच सांगतो. माहिती पुसल्यावर लोकांना "पुसली" असं कळवायचं तर त्यांचे नंबरच तुमच्याकडे राहत नाहीत. म्हणून निरोप आधी पाठवा. आम्ही 8 सप्टेंबरला प्रत्येकाला एवढाच निरोप पाठवला:

"जूनमधल्या केळी नुकसानीच्या सर्व्हेत तुम्ही दिलेली माहिती आणि सातबाऱ्याचा फोटो आम्ही 21 सप्टेंबरला काढून टाकणार आहोत. तुमच्या नोंदीची प्रत हवी असेल किंवा तुमचं काम अजून अडलेलं असेल, तर 18 तारखेपर्यंत सांगा. पुसल्यावर ती परत मिळणार नाही. त्यानंतर काम पूर्ण झाल्याची सूचना पारावर लावू."

नऊ जणांनी प्रत मागितली. तीन जणांची विमा भरपाईची तक्रार अजून अडकलेली होती आणि बागेचा तो फोटो त्यांना पुढे लागणार होता. इथे मोह होतो की तिघांसाठी सगळंच ठेवू या. तसं करू नये. त्या तिघांच्या नोंदी आणि फोटो त्यांच्याच मोबाइलवर पाठवून दिले. एकाचा मोबाइल साधा होता. त्याच्या मुलाला विचारून, मुलाच्या नंबरवर पाठवलं. "आमच्याकडेही राहू द्या" असं कोणी म्हणाला असता, तर त्याची स्पष्ट संमती आणि नवी तारीख घेऊन त्याच्यापुरती वेगळी फाइल ठेवली असती. एखादं प्रकरण कोर्टात किंवा सरकारी चौकशीत असेल आणि तो पुरावा ठरणार असेल, तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

आढावा वेगळा काढून घ्या

सर्व्हे ज्यासाठी केला तो आढावा तर हवाच असतो. गावनिहाय किती बागा, किती खोडं, मृगबागेचं नुकसान किती आणि कांदेबागेचं किती. यात कोणाचं नाव लागत नाही, म्हणून हा ठेवायला हरकत नाही. तो काढण्याची पद्धत तेवढी नीट पाहा.

मूळ शीटमध्येच एक टॅब करून त्यात आकडे काढले असतील, तर मूळ शीट गेल्यावर ते आकडेही जातील. पूर्ण शीटची `Make a copy` केली, तर नावांसकट सगळं नव्या फाइलमध्ये येईल आणि वर जोडलेल्या फॉर्मचीही एक प्रत तयार होईल. `IMPORTRANGE` ने दुसऱ्या फाइलमध्ये आकडे आणले असतील, तर मूळ पुसल्यावर तिथे `#REF!` दिसेल. म्हणून एक कोरी नवी शीट उघडा, आढाव्याचे आकडे कॉपी करा आणि तिथे `Ctrl+Shift+V` दाबून नुसते आकडे चिकटवा. सूत्र येत नाही, जुन्या फाइलशी धागा राहत नाही आणि नव्या फाइलच्या इतिहासातही कोणाचं नाव नसतं.

चिकटवल्यावर एकदा गावकऱ्याच्या नजरेने वाचून बघा. आमच्या 11 गावांपैकी एका गावातून फक्त 2 उत्तरं आली होती. त्या गावापुढे "पडलेली खोडं 3100" असं लिहिलं, तर नाव न लिहिताही कोणाची बाग ते शेजारचा माणूस ओळखेल. अशी गावं "इतर" या एका ओळीत घाला. पाचपेक्षा कमी उत्तरं असलेलं गाव वेगळं दाखवायचं नाही, असा नियम आम्ही आमच्यापुरता ठरवला.

प्रत्यक्ष पुसणं

आता संगणकावर बसा. मोबाइलवर काही बटणं सापडत नाहीत.

फॉर्म उघडून आधी तो बंद आहे याची खात्री करा. `Responses` टॅबमध्ये किंवा वरच्या `Published` बटणात `Accepting responses` असं दिसेल, ते बंद हवं. लिंक अजून कोणाच्या तरी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असते आणि तुम्ही पुसत असताना एखादं नवं उत्तर आत येऊ शकतं. याच वेळी उत्तरांचा आकडा कागदावर लिहून ठेवा. आमचा 214 होता आणि शीटमध्ये शीर्षकाची ओळ धरून 215 ओळी होत्या. दोन्हीकडचा हिशोब जुळत नसेल, तर मध्ये कोणीतरी एका बाजूला हात लावलेला आहे. घाबरायचं कारण नाही, पण का ते समजून घ्या.

मग फॉर्म आणि शीट यांची ताटातूट करायची. `Responses` टॅबमध्ये उजवीकडच्या तीन टिंबांवर `Unlink form` सापडेल. ताटातूट केल्याने काहीही पुसलं जात नाही, शीट आहे तशी राहते. फक्त यापुढे फॉर्ममधून शीटमध्ये काही जाणार नाही. जोडणी असताना शीटमधला उत्तरांचा टॅब काढायला गेलात, तर आधी जोडणी सोडा असं सांगून तो अडवतो. म्हणून क्रम हाच ठेवा.

त्याच तीन टिंबांत `Delete all responses` आहे. ते दाबलं की एकदा विचारलं जातं, होकार दिला की उत्तरं जातात. ही उत्तरं कुठल्याही कचराकुंडीत जात नाहीत आणि परत आणता येत नाहीत. म्हणून प्रती मागणाऱ्या नऊ जणांचं आणि आढाव्याचं काम आधी संपलेलं हवं. एखाद्याचंच उत्तर काढायचं असेल, उदाहरणार्थ मुदतीआधीच कोणी "माझं काढून टाका" म्हणालं, तर `Individual` मध्ये त्याच्या उत्तरापर्यंत जाऊन कुंडीच्या चिन्हावर दाबा. त्याची शीटमधली ओळ आणि त्याचे फोटो तरीही वेगळे काढावे लागतील.

आता फोटोंचं फोल्डर. ड्राइव्हमध्ये `(File responses)` शोधा, आत शिरून खरंच तेच फोल्डर आहे ना ते पाहा, मग बाहेर येऊन आख्खं फोल्डर काढा. आतल्या फाइली एकेक काढत बसू नका, एखादी हमखास राहते.

शेवटी शीट. इथे बहुतेक जण ओळी निवडून पुसतात आणि रिकामी शीट ठेवून देतात. ते पुरेसं नाही. गूगल शीट आपला इतिहास सांभाळून ठेवते. `File` मध्ये `Version history` उघडा, `See version history` वर दाबा आणि जुलैमधली एखादी तारीख निवडा: पुसलेल्या सगळ्या ओळी जशाच्या तशा समोर येतील. मी हे गटातल्या मुलांना दाखवलं तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. शीटमधून हा इतिहास तेवढा पुसण्याची सोय नाही. त्यामुळे रिकामी करून ठेवू नका, फाइलच काढा. पुढच्या वर्षी तेच रकाने हवे असतील, तर शीर्षकाची एक ओळ नव्या फाइलमध्ये चिकटवायला किती वेळ लागतो!

मग ड्राइव्हच्या `Trash` मध्ये जा, शीट आणि फोल्डर निवडा आणि `Delete forever` दाबा. `Empty trash` ने एका फटक्यात सगळी कुंडी रिकामी होते, पण कुंडीत दुसऱ्या कामाचं काही पडलं असेल तर तेही जाईल. खातं कोणाचं आहे त्यावर ते ठरवा. पुण्याच्या पोराच्या कुंडीत त्याचे कॉलेजचे कागद होते, म्हणून आम्ही दोनच वस्तू निवडून पुसल्या.

फॉर्म ठेवायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. रिकामा फॉर्म म्हणजे फक्त प्रश्न, त्यात कोणाचं काही नाही. आम्ही ठेवला. फॉर्मही काढायचा असेल, तरी आधी उत्तरं पुसूनच काढा, कारण उत्तरांसकट कुंडीत टाकलेला फॉर्म 30 दिवसांत परत आणला तर उत्तरंही त्याच्याबरोबर परत येतात.

बाहेर गेलेल्या प्रती

आता त्या कागदावरची चौथी जागा. गूगलच्या बाहेरचं काम कोणतंही बटण करून देत नाही. ज्यांच्याकडे फाइल होती त्या प्रत्येकाला फोन करून, तो फोनवर असतानाच पुसून घ्यावं लागतं. "करतो हो संध्याकाळी" हे उत्तर मान्य करू नका. संध्याकाळी विसरायला होतं, त्यात त्याचा दोष नाही.

ज्या मुलांना शीट दिसत होती त्यांना आपल्या ड्राइव्हच्या शोधात हे टाकायला सांगा:

```
owner:me type:spreadsheet केळी
```

यात त्यांच्या स्वतःच्या मालकीच्या, "केळी" शब्द असलेल्या शीट दिसतात. कोणी `Make a copy` केली असेल तर ती इथे सापडते. तुमच्या मूळ शीटचं काहीही झालं, तरी ही प्रत पूर्णपणे त्याची असते आणि ती तोच पुसू शकतो. आमच्या पाचांपैकी एकाकडे अशी प्रत निघाली. गावनिहाय यादी लावायला त्याने जुलैमध्ये केली होती आणि विसरून गेला होता. त्याच शोधात `spreadsheet` च्या जागी `form` टाकून तिच्यासोबत तयार झालेली फॉर्मची प्रतही शोधून काढली.

मेलमध्ये पाठवलेली फाइल शोधायला जीमेलच्या शोधात हे चालतं:

```
in:sent has:attachment filename:xlsx
```

मेल पुसल्यावर जीमेलच्या कुंडीतही तो 30 दिवस राहतो, तीही रिकामी करा. संगणकाच्या `Downloads` फोल्डरमधली एक्सेल आणि तिथलीच झिप फाइल पाहायला विसरू नका, कारण फॉर्ममधून थेट उत्तरं उतरवली की ती झिपमध्ये येतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले सातबाऱ्याचे फोटो पुसताना गॅलरीतूनही काढायचा पर्याय समोर येतो, त्यावर टिक हवी. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल, तर तिथेही पाहा. तिथल्या कुंडीत बॅकअप झालेला फोटो 60 दिवस राहतो, म्हणजे ड्राइव्हच्या दुप्पट. हाताने रिकामी केली नाही तर मुदत उलटून जाईल. कागदी झेरॉक्स असतील, तर त्या रद्दीत देऊ नका. भेळेच्या पुडीवर आप्पांचा सातबारा यायला नको. बारीक फाडून भिजवा किंवा जाळा.

गेलं की नाही, ते तपासणं

तपासण्या दोनच, पण दोन्ही करा. पहिली तीच, जिच्यात मी पूर्वी पकडला गेलो होतो. फॉर्ममध्ये `Responses` वर जाऊन आकडा 0 आहे ते पाहा आणि मग मुद्दाम नवी शीट जोडा. नव्या शीटमध्ये फक्त प्रश्नांची एक ओळ यायला हवी. एक जरी उत्तर खाली दिसलं, तर फॉर्म रिकामा झालेला नाही. तपासणी झाली की ही शीटही सोडवून काढून टाका.

दुसरी तपासणी दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा. पुसण्याआधी शीटची लिंक आणि एका फोटोची लिंक कागदावर किंवा नोंदवहीत लिहून ठेवा. पुसल्यावर ज्याला पूर्वी ती दिसायची त्याच्या खात्यातून उघडा. फाइल अस्तित्वातच नाही, असा संदेश यायला हवा. परवानगी मागणारा संदेश आला, तर नुसतं शेअरिंग बंद झालंय, फाइल अजून कुठेतरी आहे. हे दोन संदेश दिसायला सारखे वाटतात, म्हणून नीट वाचा.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमच्या खात्यातून गेलेली माहिती गूगलच्या यंत्रणेतून पूर्ण जायला साधारण 2 महिने लागतात आणि बॅकअपमधून जायला 6 महिन्यांपर्यंत, असं गूगलच्या धोरणातच लिहिलं आहे. संस्थेचं किंवा कॉलेजचं वर्कस्पेस खातं असेल, तर कुंडी रिकामी केल्यावरही 25 दिवस तिथला अ‍ॅडमिन फाइल परत आणू शकतो. काही संस्थांनी माहिती राखून ठेवण्याचा नियमही लावलेला असतो. तेव्हा अशा खात्यावर सर्व्हे करायचा असेल, तर मुदत लिहिण्याआधीच अ‍ॅडमिनला विचारा. आमचं वाक्य आम्ही पुढच्या सर्व्हेसाठी बदललं: "आमच्या ताब्यातल्या सगळ्या प्रती सर्व्हे बंद झाल्यापासून 90 दिवसांत काढून टाकू." जे आपल्या हातात आहे तेवढंच वचन. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही काम संपल्यावर माहिती पुसण्याची आणि आपल्या वतीने ती हाताळणाऱ्यांकडूनही पुसून घेण्याची जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्यावरच टाकलेली आहे.

वर्षभर चालणारा फॉर्म असेल तर

बंद न होणारा फॉर्म, म्हणजे रोपांची मागणी किंवा तक्रार नोंदवण्याचा, असेल तर मुदत प्रत्येक उत्तराच्या तारखेपासून मोजावी लागते आणि हाताने ते जमत नाही. अशा फॉर्मला शीट जोडूच नका, फाइलही मागू नका. म्हणजे पुसायची जागा एकच राहते. मग अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये, म्हणजे फॉर्मसाठी छोटा प्रोग्राम लिहायच्या गूगलच्याच जागेत, हे टाका, अवतरणात फॉर्मच्या एडिट लिंकमधला `/d/` नंतरचा आयडी घाला आणि `Triggers` मध्ये रोज एकदा चालेल असं लावा:

```
function junePusa() {
  const form = FormApp.openById('FORM_ID');
  const had = new Date();
  had.setDate(had.getDate() - 90);
  form.getResponses()
    .filter(r => r.getTimestamp() < had)
    .forEach(r => form.deleteResponse(r.getId()));
}
```

पहिल्यांदा ते खऱ्या फॉर्मवर चालवू नका. दोन-चार खोटी उत्तरं भरलेल्या फॉर्मवर 90 च्या जागी 0 टाकून बघा. सगळी उत्तरं गेली पाहिजेत.

नोंद

काम झाल्यावर आम्ही अर्ध्या पानाची नोंद लिहिली. फॉर्ममधली 214 उत्तरं, एक शीट, फोटोंचं एक फोल्डर, एका कार्यकर्त्याकडची शीटची प्रत आणि तिच्यासोबतचा फॉर्म, पाच मोबाइलमधले फोटो. कोणत्या तारखेला, कोणी पुसलं, कोणी तपासलं. शेतकऱ्याचं नाव किंवा नंबर तिच्यात एकही नाही, नाहीतर पुसल्याच्या नोंदीतच यादी शिल्लक राहायची. दोघांनी सह्या केल्या, एक प्रत गटाच्या नोंदवहीत लावली आणि एक 22 सप्टेंबरला पारावर चिकटवली.

आप्पा चष्मा लावून ती वाचत उभे होते. "पाच मोबाइल," ते म्हणाले, "आणि माझ्या भाच्याचा?" त्यांनी फोटो आधी भाच्याला पाठवला होता आणि भाच्याने आमच्या मुलाला. तो मोबाइल आमच्या कागदावर नव्हताच. भाचा दूध घालायला डेअरीवर गेला होता. तो येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो आणि त्याच्या गॅलरीतून तो फोटो आप्पांच्या समोर काढला. नोंदीत पाचाचे सहा केले आणि खाली पुन्हा सही केली.